‘हे ऐकलंस का?’

गेल्या दिवाळीत भाची पुण्याहून आली, फराळाची ताटली बाजूला सरकवली आणि फोन माझ्या हातात दिला. “मावशी, हे वाच आणि सांग, काय चाललंय?” ऑफिसातल्या एका मुलाबरोबरचं सहा आठवड्यांचं व्हॉट्सअ‍ॅप होतं. गप्पा जेमतेम. बाकी सगळी गाणी, पुस्तकांची नावं आणि सिनेमे. ‘हे ऐकलंस का?’ ‘हे तू वाचायलाच हवंस.’ ‘रविवारी वेळ असेल तर हा बघ.’ तिच्या मैत्रिणींत यावरून दोन तट पडले होते. एकीचं म्हणणं, एवढी गाणी कोणी उगाच पाठवत नाही. दुसरी म्हणत होती, अगं, तो सगळ्यांनाच पाठवतो, त्याला दुसरं काही बोलता येत नाही.

वयाच्या जोरावर मी लगेच निकाल देणार होते. पहिलं गाणं उघडलं, ते प्रेमगीत. दुसरंही तेच. तिसरं विरहाचं. “बघ!” भाची म्हणाली. आणि तिथेच माझा उत्साह थंडावला.

कारण हा पुरावा आपल्या देशात कवडीमोलाचा आहे. हिंदी काय, मराठी काय, चित्रपटगीतांतून प्रेम वगळलं तर भजनं, अंगाई, देशभक्ती आणि पावसाची थोडी गाणी उरतात, आणि पावसातही बहुतेक वेळा कोणीतरी कोणाची तरी वाट बघत असतंच. ज्याला मदनमोहनच्या चाली आवडतात तो आपल्या साहेबालाही प्रेमभंगच पाठवणार, त्याला इलाज नाही. पाठवणाऱ्याचं लक्ष सतारीच्या तुकड्यावर असतं आणि घेणारीचं शब्दांवर. शंभरातली बहुतेक गाणी जर एकच गोष्ट सांगत असतील, तर त्यातलं एखादं आपल्याकडे आलं म्हणून ती गोष्ट आपल्याला सांगितली गेली असं होत नाही. पुस्तकांचं तसं नाही. कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं यांतून कोणी नेमकी एकच प्रेमकथा उचलून दिली तर तिचा विचार करावा. गाण्याच्या शब्दांचा करू नये. मैत्रिणी मात्र सगळ्यात आधी शब्दच वाचतात.

मग काय वाचायचं? आमच्या वेळी हे सोपं होतं, असं मी तिला सांगितलं आणि तिने डोळे फिरवले. पण खरंच होतं. ऐंशीच्या दशकात कोणाला गाणी द्यायची म्हणजे कॅसेट भरून द्यायची. वहीच्या पानावर यादी लिहायची, कोरी सी-६० घेऊन रेकॉर्डिंगच्या दुकानात जायचं, ‘हे गाणं आमच्याकडे नाही’ ऐकून यादी बदलायची. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे साडेतीन मिनिटांची आठ गाणी. नववं घातलं की शेवटचा अंतरा अर्ध्यात तुटायचा, म्हणून क्रम लावताना गाण्यांची लांबी बघावी लागायची. घरी दोन डेक असतील तर स्वतः भरता यायची, पण तासाची कॅसेट भरायला तासभर बसावंच लागायचं. शेवटी चुकून पुसली जाऊ नये म्हणून मागच्या कडेवरचे दोन प्लॅस्टिकचे चौकोन पेनाने मोडायचे. सोळा गाण्यांसाठी कोणी एवढा खटाटोप केला असेल तर तो खटाटोपच बोलायचा. ती कॅसेट दुसऱ्या कोणाला देता यायची नाही, निदान त्याच दिवशी नाही.

रेडिओवर याच्या उलट. मुंबई आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये पत्र पाठवून फर्माईश करायची आणि नाव वाचलं जायचं. गाणं सगळ्या महाराष्ट्राला ऐकू जायचं. त्यात कोणा एकीसाठी काही असेल, तर ते त्या एकीलाच कळायचं. नाही कळलं, तर पाठवणाऱ्याला म्हणता यायचं, ‘छे, मला सहज आवडतं म्हणून पाठवलं.’

लिंक ही कॅसेटपेक्षा या फर्माइशीच्या जवळची आहे. पाठवायला दोन सेकंद, माघार घ्यायला एक. म्हणून लिंकांची संख्या काही सांगत नाही. मेहनत लिंकमध्ये नसते, असलीच तर तिच्या आसपास असते, आणि ती शोधावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फॉरवर्डेड’ असं बारीक अक्षरात लिहून आलेली गोष्ट दुसरीकडून उचलून पुढे ढकललेली असते. ती तुमच्यासाठी निवडलेली असेलही, पण तसं धरून चालता येत नाही. याच्या अगदी उलट टोकाची एक खूण भाचीच्या फोनवर मला सापडली. एका यूट्यूब लिंकच्या शेवटी `&t=163` होतं. याचा अर्थ गाणं सुरुवातीपासून न लागता १६३व्या सेकंदापासून, म्हणजे २ मिनिटं ४३ सेकंदांवर लागतं. लावलं, तर नेमकी सारंगी सुरू झाली. खाली त्याने लिहिलं होतं, ‘तू त्या दिवशी सारंगी ओळखता येत नाही म्हणालीस ना, ही बघ.’ ही लिंक फुकटची नव्हती. त्याने तिचं बोलणं लक्षात ठेवलं होतं, वाद्य शोधलं होतं आणि जागा मोजून दिली होती.

पण लक्ष दिलं म्हणजे प्रेम केलं, असंही नाही. इथे मानसशास्त्रवाल्यांनी जे तपासलंय ते कामाला येतं, आणि त्यांचे प्रयोग साधे आहेत.

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात पीटर रेंटफ्रो आणि सॅम्युएल गॉस्लिंग यांनी अनोळखी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या आणि सहा आठवडे इंटरनेटवरून एकमेकांची ओळख करून घ्यायला सांगितलं. काय बोलायचं ते सांगितलं नव्हतं. पुस्तकं, सिनेमे, खेळ, कपडे या सगळ्यांना मागे टाकून सुरुवातीला संगीताचा विषय सर्वांत जास्त निघाला. दुसऱ्या भागात त्यांनी काही जणांना फक्त एखाद्याच्या दहा आवडत्या गाण्यांची यादी दिली आणि हा माणूस कसा असेल ते विचारलं. अंदाज अंधारात मारलेल्या दगडापेक्षा बरे निघाले, विशेषतः माणूस नव्या कल्पनांना किती मोकळा आहे याबद्दलचे. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की नवी ओळख होताना माणसं गाणी पुढे करतात. तो एक प्रकारचा ‘मी अमुक’ असा पत्ता असतो. आणि पत्ता दिला म्हणजे घरी बोलावलं असं नाही.

दुसरा प्रयोग जुना आहे आणि मला तो जरा भीतिदायक वाटतो. १९६१ साली डॉन बर्न यांनी आपलं एक संशोधन छापलं. विद्यार्थ्यांकडून आधी त्यांची मतं भरून घेतली होती. नंतर प्रत्येकाला एका अनोळखी माणसाने भरलेला तसाच कागद दाखवला आणि हा माणूस किती आवडेल ते विचारलं. मतं जितकी जुळली तितका माणूस जास्त आवडला. गंमत अशी की तो माणूस नव्हताच. कागद संशोधकांनीच भरलेला होता, कुठे जुळवून, कुठे मुद्दाम विरुद्ध. म्हणजे जुळणाऱ्या आवडीनिवडी माणसाबद्दल जिव्हाळा निर्माण करतात, मग पलीकडे माणूस असो वा नसो. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पण हा तर आहे.” आहे. पण तिला जे वाटत होतं त्यातलं किती त्याच्यामुळे आणि किती दोघांनाही एकच गाणं आवडल्यामुळे, हे वेगळं काढता येत नव्हतं.

त्यात आणखी एक फसवी जागा आहे. दुर्मीळ आवड जुळली की जास्तच वाटतं. ‘हे माहीत असलेला तू पहिलाच!’ असं होतं. पण आवड दुर्मीळ आहे की आपण भेटलो ती जागा तशी आहे, हे बघावं. सवाई गंधर्व महोत्सवात शेजारी बसलेल्याला किशोरी आमोणकर आवडतात यात कसला योग? तिथे ज्याला त्या आवडत नाहीत तोच शोधून काढावा लागेल. फिल्म सोसायटीत, ग्रंथालयात, ट्रेकच्या ग्रुपमध्ये आवडी आधीच चाळून घेतलेल्या असतात. भाचीचं ऑफिस संगणकाचं, तिथे जुनी गाणी ऐकणारे दोन-तीनच. तिथे जुळलं तर थोडा अर्थ होता.

आता मुख्य प्रश्न. समोरचा फ्लर्ट करतोय की साधा मोकळेपणाने वागतोय, हे माणसांना कळतं का? १९८२ साली अँटोनिया अ‍ॅबी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक तरुण आणि एक तरुणी पाच मिनिटं बोलतात, आणि आणखी एक तरुण व एक तरुणी ते लपून पाहतात. नंतर चौघांना मतं विचारली. बोलणारा असो की पाहणारा, पुरुषांना त्या तरुणीच्या वागण्यात बायकांपेक्षा जास्त ‘तसं’ काही दिसलं. तिच्या साध्या मोकळेपणाचा त्यांनी वेगळा अर्थ लावला. यावरून लोकांनी पुढे ‘पुरुषांना सगळीकडे तेच दिसतं’ असा विनोद करून टाकला. पण कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली जे प्रसिद्ध केलं ते मला जास्त उपयोगी वाटतं. अनोळखी तरुण-तरुणींच्या जोड्या दहा-बारा मिनिटं बोलल्या. नंतर प्रत्येकाला वेगळं विचारलं, तू फ्लर्ट केलंस का, आणि समोरच्याने केलं असं वाटलं का? ज्यांनी केलं नव्हतं त्यांच्याबद्दलचे अंदाज ८० टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर आले. ज्यांनी केलं होतं ते मात्र पुरुषांना फक्त ३६ टक्के वेळा ओळखता आलं आणि बायकांना १८ टक्के.

हे आकडे नीट वाचले पाहिजेत. माणसं मोठ्या हुशारीने ‘नाही’ ओळखतात असा त्यांचा अर्थ नाही. बहुतेक लोक बहुतेक वेळा ‘नाही’ असंच धरून चालतात, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. म्हणून ‘नाही’ जुळतं आणि ‘हो’ निसटतं. शिवाय त्या जोड्या समोरासमोर होत्या, त्यांना डोळे, आवाज, बसण्याची पद्धत दिसत होती. भाचीकडे होती निळ्या अक्षरांची एक रांग.

तेव्हा आम्ही मोजलं. माझ्या नवऱ्याच्या मते हा वेडेपणा होता, पण त्याने कागद आणून दिला.

सहा आठवड्यांत ४१ गोष्टी आल्या होत्या. २९ गाणी, ७ पुस्तकं, ५ सिनेमे. भाचीने ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला आणि तिला त्याच्याकडून काय काय आलं ते विचारलं. ४१ पैकी २६ तिलाही आली होती, शिवाय ऑफिसातल्या गाण्यांच्या ग्रुपवरही. उरली १५. त्यांत भाचीच्या एखाद्या बोलण्याला धरून आलेली किती? सारंगीचं एक, तिच्या आजीच्या गावाजवळ चित्रित झालेला एक सिनेमा, तिला झोप येत नव्हती त्या रात्रीचं एक गाणं, असं करत सहा. बाकीची नऊ फक्त तिला आली होती, पण कोणालाही शोभली असती.

मग आम्ही दुसरा रकाना आखला, आणि खरं तर तोच आधी आखायला हवा होता. तिने त्याला काय पाठवलं? चारच गोष्टी. त्यांतली एक म्हणजे तिच्या आजोबांच्या तोंडचं नाट्यपद. त्यावर त्याचं उत्तर होतं, ‘छान. पण हे ऐकलंस का?’ आणि खाली स्वतःचं नवं गाणं. चारांपैकी एकाबद्दलच तो नीट बोलला होता.

या ‘पण’वर मी बोट ठेवलं. आपल्याकडे शिफारस करणाऱ्यांची एक तिसरी जात आहे, जी प्रेमातही बसत नाही आणि मैत्रीतही. ती मास्तरकीत बसते. या माणसाला तुम्ही नको असता, श्रोता हवा असतो. तो तुम्हाला बसवून रेकॉर्ड ऐकवतो, मधल्या जागेवर बोट वर करतो, आणि तुमच्या चेहऱ्यावर दाद उमटली नाही तर पुन्हा सुरुवातीपासून लावतो. तुमची आवड त्याला जाणून घ्यायची नसते, सुधारायची असते. हा ओळखायचा तर त्याला आपली एक गोष्ट द्यावी आणि थांबावं. ज्याला तुमच्यात रस आहे, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, तो ती ऐकतो आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारतो. मास्तर पुढचा धडा काढतो. एखादी गोष्ट आवडली नाही असं सांगूनही बघावं. मित्र वाद घालतो. प्रेमात असलेला बहुधा सपशेल माघार घेतो, त्याला अचानक तेच गाणं कंटाळवाणं वाटायला लागतं. मास्तर मात्र दुखावतो.

मैत्री आणि प्रेम यांतला फरक याने कळत नाही, कारण लक्ष देणं, ऐकणं, लक्षात ठेवणं दोन्हींत सारखंच असतं. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवरच्या ८४ नंबरच्या दुकानाचं आहे. १९४९ साली न्यूयॉर्कमधल्या हेलीन हँफ या लेखिकेने त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला यादी पाठवली. उत्तर आलं फ्रँक डोएल या कर्मचाऱ्याकडून, अगदी व्यावसायिक, सहीच्या जागी नुसती आद्याक्षरं. ती चिडवायची, रागवायची, चुकीची आवृत्ती आली की आरडाओरडा करायची. तो शांतपणे पुढचं पुस्तक शोधायचा. युद्धानंतर इंग्लंडात रेशनिंग होतं, म्हणून ती दुकानातल्या सगळ्यांसाठी खाण्याची पार्सलं पाठवू लागली. काही वर्षांनी ‘मिस हँफ’ची ‘हेलीन’ झाली. वीस वर्षं हे चाललं आणि ती दोघं एकदाही भेटली नाहीत. १९६८च्या डिसेंबरात डोएल गेले. १९७० साली पत्रांचं पुस्तक आलं. त्यात डोएल यांच्या पत्नीचं, नोरा यांचं पत्र आहे. आपल्याला अधूनमधून हेलीनचा हेवा वाटायचा, अशी कबुली त्यांनी दिली आहे, कारण नवऱ्याला त्या पत्रांतून इतका आनंद मिळायचा.

आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून माणसं टाळायचे आणि सुनीताबाई देशपांडे त्यांना पुस्तकांनी, कवितांनी भरलेली पत्रं लिहायच्या. ती ‘प्रिय जी. ए.’ या नावाने छापली गेली. शीर्षकातल्या ‘प्रिय’वर कुजबुज करणारे मी पाहिले आहेत. मला ते नोरांपेक्षा फार कोते वाटतात. नोरांनी हेवा वाटला म्हणून सांगितलं, संशय आला म्हणून नाही. हा फरक घरात राहणाऱ्या बाईला कळला होता, आणि तो तिला पत्रांच्या मजकुरावरून कळला नसणार. त्या पत्रांच्या बाहेर जे होतं, किंवा नव्हतं, त्यावरून कळला असणार.

तेच मी भाचीला विचारलं. गाण्यांच्या बाहेर काय आहे? सहा आठवड्यांत त्याने कधी म्हटलं का, की हा सिनेमा लागलाय, जाऊ या? पुस्तकाचं नाव सांगितलं की पुस्तक आणून दिलं? नुसतं नाव सांगितलं तर विषय तिथे संपतो. पुस्तक हातात दिलं की ते परत करावं लागतं, म्हणजे एका पुस्तकात दोन भेटी दडलेल्या असतात, आणि जुन्या पिढ्यांना हे चांगलं माहीत होतं. त्याने सातही पुस्तकांची फक्त नावं सांगितली होती. पाचपैकी एक सिनेमा ती राहते तिथून दहा मिनिटांवरच्या थिएटरात लागला होता. त्याने लिहिलं होतं, ‘चुकवू नकोस.’

“तो लाजाळू असेल,” भाची म्हणाली. असेल. लाजाळू माणूस आणि रस नसलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात, आणि कितीही रकाने आखले तरी त्यांतला फरक कागदावर येत नाही. तिथे मोजणी संपते आणि विचारावं लागतं. विचारायचं तेही एकटं असताना, हलक्या आवाजात, समोरच्याला सुटायला वाट ठेवून. उलट बाजूने, नको असेल तर उत्तर गाण्याला द्यावं, माणसाला नाही, किंवा ग्रुपवर द्यावं, बहुतेकांना तेवढं पुरतं. स्पष्ट नको सांगूनही जो पाठवतच राहतो त्याची गाणी कितीही गोड असोत, कायद्याच्या भाषेत तो पाठलाग होऊ शकतो.

भाऊबीज झाली, ती परत गेली. पंधरा दिवसांनी फोन आला. कँटीनमध्ये, चहाच्या रांगेत, तिने त्याला विचारलं होतं, “तू मला एवढं सगळं का पाठवतोस?”

“मग?”

“तो म्हणाला, ग्रुपवर कोणी काही बोलतच नाही. तू एकटीच ऐकतेस.”

हे खरं होतं. ४१ पैकी ३८ गोष्टींना तिने उत्तर दिलं होतं, तेही आम्हीच मोजलं होतं. ज्या विहिरीला पाणी लागतं तिथेच माणूस पुन्हा पोहरा टाकतो. त्याच्या डोक्यात यापेक्षा जास्त काही असेल तर ते त्याला तरी ठाऊक होतं का, मला शंका आहे.

“वाईट वाटलं का गं?” मी विचारलं.

ती जरा वेळ काही बोलली नाही. मागे तिच्या खोलीत कुठलं तरी गाणं चालू होतं, सारंगीचं.

“मावशी,” ती म्हणाली, “त्याने काही मोजलं नसेल ना?”